विश्लेषण : एक घर पुढे, की एक भिंत मध्ये? ‘क्वोरिडोर’च्या पटावरील शर्यतीचे गणित काय आहे?

दोन सोंगट्या, 81 घरे आणि 20 भिंती. सोंगटी समोरच्या काठावर जो आधी पोहोचवेल तो जिंकला. ‘क्वोरिडोर’ या खेळाचे नियम पाच मिनिटांत सांगून होतात. तरीही पहिल्या दहा-पंधरा डावांत जवळपास प्रत्येक नवा खेळाडू एकाच प्रकारे हरतो. हातातल्या भिंती तो भराभर लावतो, प्रतिस्पर्धी त्यांना वळसे घालून पुढे सरकतो, आणि डावाच्या शेवटी, जेव्हा एक भिंत सगळे चित्र पालटू शकली असती, तेव्हा त्याच्या हातात काहीच उरत नाही. याउलट काहींना भिंत वाचवून ठेवायची इतकी सवय लागते की न वापरलेल्या चार-पाच भिंतींसह ते हरतात. चाल आणि भिंत यांपैकी काय निवडायचे, याचे उत्तर बऱ्याच अंशी मोजून काढता येते. ते कसे, आणि मोजणी कुठे फसते, हे पाहण्यासारखे आहे.

खेळ नेमका काय आहे?

मिर्को मार्केझी यांनी रचलेला हा खेळ ‘जिगामिक’ या फ्रेंच कंपनीने 1997 मध्ये बाजारात आणला. त्याच वर्षी त्याला अमेरिकेतील ‘मेन्सा सिलेक्ट’ ही पसंतीची मोहोर मिळाली. पट 9 बाय 9 घरांचा. बुद्धिबळाप्रमाणे स्तंभांना ‘ए’ ते ‘आय’ आणि रांगांना 1 ते 9 म्हणायची पद्धत आहे. पांढरी सोंगटी ई1 वरून निघते आणि तिला नवव्या रांगेतले कोणतेही घर गाठायचे असते. काळी ई9 वरून निघून पहिल्या रांगेकडे येते. प्रत्येकाकडे 10 भिंती असतात. घराघरांमध्ये खाचा असतात आणि प्रत्येक भिंत दोन घरांच्या लांबीची असते. ती खाचेत आडवी किंवा उभी बसते, एकदा बसली की डाव संपेपर्यंत हलत नाही, आणि एक भिंत दुसरीला छेदून जाऊ शकत नाही.

आपली पाळी आली की दोनपैकी एकच गोष्ट करता येते : सोंगटी एक घर पुढे, मागे किंवा बाजूला सरकवायची, नाही तर एक भिंत लावायची. दोन सोंगट्या समोरासमोर लागून आल्या तर ज्याची पाळी असेल तो दुसऱ्याच्या डोक्यावरून उडी मारून पलीकडच्या घरात जातो. पलीकडे भिंत असेल तर तिरके, डावीकडे किंवा उजवीकडे उतरता येते. आणि सर्वांत महत्त्वाचा नियम असा की, प्रतिस्पर्ध्याला पूर्णपणे कोंडता येत नाही. त्याच्या ध्येयापर्यंत जाणारा एक तरी मार्ग, कितीही लांबचा असो, उघडा ठेवावाच लागतो.

भिंती घालत शर्यत लावण्याची कल्पना त्याआधीची आहे. फिलिप स्लेटर यांचा ‘ब्लॉकेड’ हा खेळ 1975 मध्ये आला होता. त्यात मात्र खेळाडू एकाच पाळीत सोंगटीही चालवतो आणि भिंतही लावतो. ‘क्वोरिडोर’ने या दोहोंमध्ये ‘किंवा’ घातला आणि सगळी डोकेदुखी तिथून सुरू झाली. पहिल्याच पाळीला पांढऱ्यापुढे सोंगटीच्या 3 चाली आणि भिंतीच्या 128 जागा, म्हणजे एकूण 131 पर्याय असतात. बुद्धिबळात पहिल्या चालीचे पर्याय 20 आहेत.

कोण पुढे आहे हे कसे ओळखायचे?

पटाकडे पाहून कोणाची सोंगटी जास्त सरकली आहे यावरून काहीच कळत नाही. मोजायचे असते ते एकच : आहे त्या भिंती धरून प्रत्येकाला ध्येय गाठायला कमीत कमी किती पावले लागतील? डावाच्या सुरुवातीला दोघांनाही 8 पावले लागतात. पुढे भिंतींचे जाळे झाले की डोळ्यांनी मार्ग काढताना चूक होते, म्हणून जाणते खेळाडू उलट्या बाजूने मोजतात. ध्येयाच्या रांगेला 0 म्हणायचे, तिला लागून असलेल्या मोकळ्या घरांना 1, त्यांच्या शेजाऱ्यांना 2, आणि पाणी पसरत जावे तसे सोंगटीपर्यंत यायचे. मोबाइलवरील या खेळाचा प्रोग्राम लिहितानाही मार्ग साधारण याच रीतीने शोधला जातो.

दोन्ही आकडे हाती आले की शर्यतीचा निकाल सांगता येतो. यापुढे कोणीच भिंत लावणार नाही आणि उडीचा प्रसंग येणार नाही असे धरले, तर ज्याची पाळी आहे त्याला बरोबरीही पुरते. माझी पाळी, मला 6 आणि समोरच्याला 6, तर मी जिंकलो. पाळी त्याची असेल तर मात्र मला 5 किंवा त्याहून कमी पावले हवीत.

आता चाल आणि भिंत एकाच काट्यावर तोलता येतात. योग्य दिशेची चाल आपला आकडा 1 ने कमी करते. भिंत समोरच्याचा आकडा वाढवते, कधी 1 ने, कधी 5 ने, आणि कधी अजिबात नाही. समोरच्याला फक्त एक पाऊल जास्त चालायला लावणारी भिंत आणि एक साधी चाल यांचा शर्यतीवरील परिणाम सारखाच असतो. फरक इतकाच की चाल फुकट असते आणि भिंत दहातून एक कमी होते. म्हणून एका पावलाची भिंत हा सहसा तोट्याचा सौदा असतो, दोन पावलांची भिंत विचार करण्याजोगी, आणि तीन किंवा अधिक पावलांची दिसली तर तिच्यावर लगेच बारकाईने लक्ष द्यायला हवे.

नव्या खेळाडूची आवडती भिंत नेमकी एका पावलाची असते. काळी सोंगटी ई6 वर आहे, खाली यायची आहे. तिच्या नाकासमोर, ‘ई’ आणि ‘एफ’ या घरांखाली आडवी भिंत लावली की मोठा अडसर घातल्याचे समाधान मिळते. काळा मात्र एक पाऊल डावीकडे डी6 वर सरकतो आणि तिथून सरळ खाली उतरतो. भिंत गेली, काळ्याचे एकच पाऊल वाढले. तिला जोडून दुसरी भिंत ‘सी’ आणि ‘डी’खाली आधीच असती, तर काळ्याला उजवीकडे ‘जी’पर्यंत दोन पावले जावे लागले असते. म्हणजे दोन भिंतींची मिळून दोन पावले. मोकळ्या मैदानात भिंतीचा भाव साधारण एवढाच राहतो.

आपलीच भिंत आपल्याला कशी नडते?

भिंतीवर मालकाचे नाव नसते. ती दोघांनाही अडवते. त्यामुळे मोजणी करताना दोन आकडे हवेत : समोरच्याची किती पावले वाढली आणि आपली किती वाढली. वजाबाकी करून जे उरते ते भिंतीचे खरे मोल.

समजा पांढरी सोंगटी डी3 वर आहे आणि तिला सरळ वर 6 पावले जायचे आहे. काळी ई6 वर असून तिला 5 पावले हवीत. पांढऱ्याने सहाव्या रांगेच्या खाली ‘डी’ आणि ‘ई’ या घरांना मिळून भिंत लावली, तर काळ्याला एफ6 वरून वळसा पडतो, 5 चे 6 होतात. पण पांढऱ्यालाही ‘डी’ स्तंभातून वर जाता येत नाही, त्याला ‘सी’कडे सरकावे लागते आणि त्याच्या 6 चे 7 होतात. हाती शून्य आले, वर एक पाळी आणि एक भिंत खर्ची पडली. हीच भिंत एक घर उजवीकडे, ‘ई’ आणि ‘एफ’खाली लावली असती तर काळ्याचे एक पाऊल वाढले असते आणि पांढऱ्याचा ‘डी’ स्तंभ मोकळा राहिला असता. एका घराच्या सरकवण्याने एवढा फरक पडतो. तरी अर्धेअधिक खेळाडू भिंत लावण्याआधी समोरच्याचा मार्ग मोजतात, स्वतःचा पुन्हा मोजायचे विसरतात.

जी भिंत आपली सोंगटी आधीच ओलांडून गेली आहे, किंवा जी आपल्या मार्गापासून दूरच्या बाजूला आहे, ती आपल्याला नडत नाही. म्हणून दोन सोंगट्या एकमेकींना ओलांडून गेल्यावर भिंती लावणे सोपे होते. दोघे समोरासमोर असताना मधल्या पट्ट्यात लावलेली प्रत्येक भिंत दुधारी असते.

मग पाच-सात पावले वाढवणारी भिंत सापडते कुठे?

ती जागेपेक्षा वेळेत सापडते. एक मांडणी घेऊ. आठव्या रांगेच्या खाली तीन आडव्या भिंती ओळीने लागलेल्या आहेत : ‘बी-सी’खाली, ‘डी-ई’खाली आणि ‘एफ-जी’खाली. काळी सोंगटी ई8 वर आहे. तिला खाली उतरायला दोनच ठिकाणे उरली आहेत. डावीकडे टोकाचा ‘ए’ स्तंभ आणि उजवीकडे ‘एच’ व ‘आय’ हे दोन स्तंभ. उजवीकडून गेले तर 3 पावले आडवी आणि 7 खाली, एकूण 10. डावीकडून 4 आणि 7, एकूण 11. पांढरी सोंगटी पटाच्या डाव्या बाजूला आहे. काळ्याने लावलेल्या भिंतींमुळे तिलाही 10 पावले लागणार आहेत आणि तिचा मार्ग ‘ए’ स्तंभातून वर जातो. पाळी काळ्याची आहे.

नुसत्या आकड्यांवर काळा सुखरूप आहे. 10 विरुद्ध 10 आणि पाळी त्याची. आता उजवीकडची ‘एच-आय’ ही फट पाहा. ती बरोबर दोन घरांची आहे, म्हणजे एका भिंतीत मावणारी. आणि ती बुजवल्याने डावीकडून जाणाऱ्या पांढऱ्याचे काहीच बिघडत नाही.

काळी सोंगटी ई8 वरच असताना पांढऱ्याने ही फट बुजवली, तर काळ्याचा मार्ग 10 वरून 11 होतो. एकाच पावलाची कमाई, म्हणजे भिंत वाया. पण काळा एफ8 वर गेला की त्याला 9 पावले उरतात. त्या क्षणी फट बुजली तर त्याला उलट फिरून ‘ए’कडे 5 पावले आणि मग 7 खाली, अशी 12 पावले पडतील. कमाई 3 ची. तो जी8 वर पोहोचला तर 8 चे 13 होतात, कमाई 5 ची. एच8 वर, म्हणजे अगदी फटीच्या तोंडाशी, आला तर 7 चे 14 होतात आणि तीच भिंत 7 पावलांची ठरते. प्रत्येक पावलामागे कमाई दोनाने वाढते, कारण बंद होणाऱ्या दाराकडे टाकलेले पाऊल एकदा जाताना मोजले जाते आणि एकदा परतताना.

म्हणून या ठिकाणी पांढऱ्याने करायचे असते ते एवढेच की गप्प आपली सोंगटी पुढे सरकवत राहायचे. काळा एफ8, पांढऱ्याचे 9 उरले. काळा जी8, पांढऱ्याचे 8 उरले. काळा एच8. आता फट बंद. काळ्याला 14 आणि पांढऱ्याला 8. तीन पाळ्यांपूर्वी बरोबरीत असलेला डाव इथे संपल्यात जमा आहे, आणि पांढऱ्याने त्यासाठी एकच भिंत खर्च केली आहे.

काळ्याने काय करायला हवे होते?

इथे तो कोंडी न करण्याचा नियम कामाला येतो, आणि जाणता खेळाडू नवख्यापासून इथेच वेगळा दिसतो. काळी सोंगटी आठव्या आणि नवव्या रांगेच्या पट्ट्यात आहे. त्या पट्ट्यातून बाहेर पडायला डावे आणि उजवे असे दोन मार्ग आहेत, आणि दोन आहेत म्हणूनच पांढऱ्याला त्यातला एक बंद करता येतो. एकच असता तर तो बंद करणे नियमाने शक्यच नव्हते.

तेव्हा ई8 वर असताना काळ्याने पुढे न चालता डावा मार्ग स्वतःच बंद करायचा. ‘ए’ आणि ‘बी’ स्तंभांच्या मधल्या खाचेत, आठव्या आणि नवव्या रांगेला मिळून, एक उभी भिंत. त्याचा स्वतःचा मार्ग उजवीकडून होता तो 10 पावलांचा तसाच राहतो. पांढराही ‘ए’ स्तंभातून सरळ वर जाणार असल्याने त्याची पावले वाढत नाहीत. दोन्हीकडे शून्य. काट्यावर तोलली तर ही भिंत निव्वळ उधळपट्टी दिसते. पण तिच्यामुळे ‘एच-आय’ची फट आता काळ्याची एकमेव वाट झाली आणि ती बुजवणे पांढऱ्यासाठी नियमबाह्य ठरले. सात पावलांचा सापळा एका शून्य पावलांच्या भिंतीने निकामी झाला.

किंमत मात्र मोजावी लागते. पाळी पांढऱ्याकडे गेली आणि 10 विरुद्ध 10 या बरोबरीत आता तो पुढे आहे. शिवाय बंद करता येत नसली तरी वाट लांबवता येतेच. पांढरा ‘जी’ आणि ‘एच’च्या मध्ये, सातव्या-आठव्या रांगेला मिळून, उभी भिंत लावू शकतो. मग काळ्याला नवव्या रांगेवर चढून पलीकडे उतरावे लागेल, म्हणजे 2 पावले जास्त. तरीही 2 पावलांचा तोटा आणि 7 पावलांचा तोटा यांत डाव टिकणे आणि डाव जाणे एवढे अंतर आहे. काळ्याच्या हातात भिंती शिल्लक असतील तर पिछाडी भरून काढायची संधी त्याला राहते.

ही उपरती काळ्याला एच8 वर फट बुजल्यानंतर झाली तर? तेव्हा ‘ए’ आणि ‘बी’च्या मधली तीच भिंत लावायला नियम परवानगी देत नाही. उजवी बाजू बंद झालेली आहे आणि डावीकडचा ‘ए’ स्तंभ ही त्याची एकमेव वाट उरली आहे. ती अडवणे म्हणजे स्वतःलाच कोंडणे.

सापळा ओळखण्याची खूण

फटीची रुंदी मोजणे ही यातली सर्वांत उपयोगी सवय आहे. भिंत दोन घरांची असते, म्हणून दोन घरांची फट एका भिंतीने बुजते. एका घराची फट त्याच ओळीत भिंत लावून बुजतच नाही, कारण भिंतीचे दुसरे टोक आधीच्या भिंतीवर चढेल. ती अडवायची तर काटकोनात दुसरी भिंत लागते, जशी वरच्या उदाहरणात ‘ए’ स्तंभासाठी लागली. तीन घरांची फटही तशीच चिवट असते : एक भिंत लावली की एका घराची फट उरते आणि ती पुन्हा त्याच ओळीत बुजवता येत नाही. पटाची रुंदी 9, म्हणजे विषम असल्याने आडव्या भिंतींची एकच ओळ लावून पट पूर्ण बंद करता येत नाही. चार भिंतींनी 8 घरे झाकली जातात आणि एक घर उघडे राहते.

त्यामुळे लांबच्या फटीकडे निघण्याआधी तीन गोष्टी विचारायच्या असतात. ती फट एका भिंतीत बुजते का? बुजली तर मला परत किती फिरावे लागेल? आणि समोरच्याच्या हातात भिंत आहे का? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असेल तर पहिल्या दोन प्रश्नांची चिंता करण्याचे कारण उरत नाही.

भिंती वाचवून ठेवाव्यात, पण किती?

प्रतिस्पर्ध्याच्या भिंती संपल्या की त्याचे पुढचे सगळे आयुष्य ठरलेले असते. तो फक्त चालू शकतो, आणि आपला मार्ग आता त्याच्यामुळे लांबणार नाही. इथून पुढे अंदाज संपतो आणि साधी बेरीज-वजाबाकी सुरू होते. आपल्याला 8 पावले, त्याला 6, त्याच्याकडे भिंत नाही, पाळी आपली. दोन पावलांची पिछाडी आहे. त्याचे 3 पावले वाढवणारी एक भिंत सापडली तर त्याचे 9 होतात, तो चालून 8 करतो, आणि आपल्या पाळीला 8 विरुद्ध 8. डाव आपला. तेवढी मोठी भिंत नाही, पण दोन पावलांच्या दोन भिंती आहेत, असे असेल तर? पहिलीनंतर तो 8 वर जाऊन 7 करतो, दुसरीनंतर 9 वर जाऊन 8 करतो, आणि आपण पुन्हा 8 विरुद्ध 8 वर येतो. एका पावलाच्या भिंती कितीही लावल्या तरी पिछाडी जागची हलत नाही, कारण आपण वाढवलेले पाऊल तो लगेच चालून टाकतो.

याच हिशेबामुळे शेवटच्या टप्प्यात दोन भिंती हाती असलेला आणि तीन पावले मागे असलेला खेळाडूही काही वेळा सुस्थितीत असतो. पण वाचवलेल्या भिंतीला लावायला जागाही हवी. समोरची सोंगटी ध्येयापासून दोन घरांवर, मोकळ्या मैदानात असेल तर हातातल्या चार भिंती मिळूनही तिला थोडेच रोखू शकतात. भिंतीचा भाव वाढतो तो आधीच्या भिंतींमुळे तयार झालेल्या बोळांमध्ये. आधी एकही भिंत खर्च न करणाऱ्याच्या पटावर असे बोळच नसतात. म्हणून सुरुवातीची एखाद-दुसरी कमी मोलाची भिंत ही पुढच्या मोठ्या भिंतीची तयारी असू शकते. ती तशी आहे, की केवळ घाबरून लावली आहे, हे लावणाऱ्याला पुढची भिंत कुठे येणार हे ठाऊक आहे का यावरून कळते.

भिंत केवळ वेळ काढण्यासाठी कधी लावतात?

एका प्रसंगी एका पावलाची, किंवा अगदी शून्य पावलांची भिंतही योग्य ठरते. दोघांनी भिंती न लावता सरळ चाल केली तर तीन-तीन चालींनंतर पांढरी सोंगटी ई4 वर आणि काळी ई6 वर येते. मध्ये एकच घर, पाळी पांढऱ्याची, दोघांनाही 5 पावले बाकी. साध्या हिशेबाने पांढरा पुढे आहे. पण तो ई5 वर गेला की काळी सोंगटी उडी मारून ई4 वर उतरते. एका पाळीत दोन घरे. पांढऱ्याला 4 उरली, काळ्याला 3, आणि शर्यत उलटली. म्हणजे इथे जो आधी पाऊल उचलेल तो फसतो. पांढऱ्याने कुठे तरी निरुपद्रवी भिंत लावून पाळी ढकलली, तर तोच पेच काळ्यापुढे उभा राहतो. त्यामुळे अनेक डावांत पहिली भिंत नेमकी या ठिकाणी पडते, आणि मग काळाही भिंत लावतो. दोघे काही पाळ्या एकमेकांकडे पाहत उभे असल्यासारखे दिसतात, आणि पटाचा आराखडा त्याच वेळात ठरत असतो. मोबाइलवर खेळणाऱ्यांना हा टप्पा कंटाळवाणा वाटतो. पण इथे लावलेली भिंत नंतर आपल्याच वाटेत येणार नाही ना, एवढे पाहिले तरी पुष्कळ डाव वाचतात.

लाकडी पटावर खेळताना आणखी एक अडचण येते. भिंत नियमात बसते की नाही हे दर वेळी खेळाडूंनीच तपासायचे असते. ॲपमध्ये कोंडी करणारी भिंत लागतच नाही. घरी मात्र पाच-सहा चालींनंतर लक्षात येते की एका सोंगटीला वाटच उरलेली नाही, आणि कोणती भिंत चुकीची होती यावर वाद सुरू होतो. शंका आली की भिंत हातातून सोडण्याआधी दोन्ही सोंगट्यांची वाट बोटाने काठापर्यंत नेऊन दाखवली तर हा वाद टळतो.

चौघांनी खेळताना काय बदलते?

चार खेळाडूंत भिंती प्रत्येकी 5 होतात आणि सोंगट्या चारही काठांवरून निघतात. नियम तेच असले तरी वजाबाकी बदलते. एकाला 3 पावले मागे टाकणारी भिंत लावली तर फायदा लावणाऱ्या एकट्याचा होत नाही, उरलेल्या दोघांचाही होतो, आणि त्यांनी त्यासाठी भिंतही खर्च केलेली नसते. त्यामुळे आघाडीवरच्या खेळाडूला आपल्याऐवजी दुसऱ्या कोणी तरी अडवावे, असे प्रत्येकाला वाटते. ज्याच्यानंतर लगेच आघाडीवाल्याची पाळी असते, त्याच्यावर बहुधा ती वेळ येते. दोघांच्या डावात तरबेज असलेले खेळाडूही म्हणून चौघांत गोंधळतात : तिथे किती पावलांची भिंत आहे याच्याइतकेच, ती लावण्याची पाळी नेमकी कोणावर येते हे पाहावे लागते.